टँकर तळटिपेत होता

"मी बीड जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत काम करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा दोन पानी मराठी सारांश करायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं, 'देशात 95.9 टक्के लोकांना शुद्ध पिण्याचं पाणी मिळतं. आधीच्या फेरीपेक्षा यात सहा टक्क्यांची वाढ झाली.' गावातल्या बैठकीत हे वाचलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, 'बाई, आमच्याकडं तर टँकर येतंय. मग ह्या कागदात आम्ही कुठं हाव?' घरी येऊन पाहिलं तर तळटिपेत टँकर त्या 95.9 मध्येच मोजलेला! एवढी मोठी गोष्ट त्यांनी बारीक अक्षरात दडवली. आमचे सर म्हणतात, सगळ्या टिपा घातल्या तर त्याला सारांश कशाला म्हणायचं? मग शेकडो टिपांतली कोणती कामाची, हे ओळखायचं कसं?"

ताई, आधी ते पान पुन्हा उघडा आणि मूळ इंग्रजी ओळ बोट ठेवून वाचा. तिथं 'शुद्ध' हा शब्दच नाही. तिथं आहे 'इम्प्रूव्हड ड्रिंकिंग-वॉटर सोर्स', म्हणजे पिण्याच्या पाण्याचा सुधारित स्रोत. 'सुधारित'चं तुम्ही 'शुद्ध' केलंत, 'स्रोत' गाळलात आणि 'मिळतं' हे क्रियापद आपल्या पदरचं घातलंत. 'सोर्स' या शब्दाला चिकटून एक बारीक आकडा आहे. तो पानाच्या तळाशी नेतो आणि तिथं सरळ यादी दिली आहे: घरात किंवा अंगणात आलेला नळ, शेजाऱ्याचा नळ, सार्वजनिक नळ, कूपनलिका, संरक्षित विहीर, संरक्षित झरा, पावसाचं पाणी, टँकर, छोटी टाकी लावलेली गाडी, बाटलीबंद पाणी आणि सामुदायिक आरओ प्लांट.

म्हणजे त्यांनी दडवलं नाही. सांगितलं, आणि ज्या पानावर आकडा आहे त्याच पानावर सांगितलं. हे मी सर्वेक्षणाची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. 'दडवलं' असं मनात धरलं की आपण टिपांमध्ये लबाडी शोधायला लागतो. अर्थ फिरवणाऱ्या टिपा तशा नसतात. त्या बहुतेक वेळा अगदी कोरड्या असतात: कशाला काय म्हटलं, कोणाला मोजलं, कधी मोजलं. नजर लबाडीवर असली की या कोरड्या ओळी हातातून निसटतात.

टँकर त्या यादीत कसा आला, तेही समजून घ्या, कारण बैठकीत तुम्हाला ते विचारलं जाईल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगभरच्या पाण्या-स्वच्छतेची मोजणी ठेवतात. आधी त्यांच्या हिशेबात टँकर आणि हातगाडीवरचं पाणी 'सुधारित' धरत नसत. 2017 पासून धरायला लागले. त्यांच्या भाषेत 'सुधारित' म्हणजे ज्याच्या रचनेमुळं पाणी सुरक्षित राहण्याची शक्यता असते असा स्रोत. बंद टाकीतलं पाणी त्यात बसू शकतं. पण 'सुधारित' ही त्यांच्याकडची नुसती पहिली पायरी आहे. पाणी घरापाशी आहे का, हवं तेव्हा मिळतं का, तपासलं तर दूषित निघत नाही ना, हे वरच्या पायऱ्यांवर वेगळं मोजतात. तुमच्या वाक्यातलं 'शुद्ध' आणि 'मिळतं' हे दोन्ही शब्द त्या वरच्या पायऱ्यांचे आहेत. 95.9 हा आकडा पहिल्या पायरीचा आहे.

आता तुमचं दुसरं वाक्य, सहा टक्के वाढीचं. आजींनी ते पकडलं नाही, पण मला ते जास्त घातक वाटतं. माझा अंदाज आहे की तुम्ही चौथ्या फेरीचं म्हणजे 2015-16 चं जुनं पत्रक काढलंत. त्यात 89.9 आहे. पाचव्याचं 95.9. वजाबाकी केली, सहा आले. पण पाचव्या फेरीच्या पत्रकात शेजारच्याच रकान्यात चौथ्या फेरीचा आकडा छापलाय, आणि तो 89.9 नाही, 94.4 आहे. एकच फेरी, एकच विषय आणि दोन आकडे. इथं थांबायचं असतं, ताई. छपाईची चूक असेल म्हणून पुढं जायचं नसतं.

दोन्ही पत्रकांच्या तळटिपा शेजारी शेजारी ठेवून पाहा. चौथ्या फेरीच्या यादीत टँकर नाही, छोट्या टाकीची गाडी नाही, बाटलीबंद पाणी नाही. पाचव्यात ही तिन्ही आली. शिवाय जुन्या ओळीत 'घरं' मोजली होती, नव्या ओळीत 'अशा घरांत राहणारी लोकसंख्या'. यादी बदलल्यावर सर्वेक्षणवाल्यांनी जुनी माहिती नव्या व्याख्येनं पुन्हा मोजली आणि 94.4 छापली. हेच योग्य आहे. त्यामुळं सारख्याला सारखं लावलं तर वाढ दीड टक्क्याची आहे. उरलेले साडेचार टक्के मोजपट्टी बदलल्यानं आले, पाणी वाढल्यानं नाही. तुमच्या सारांशात ते विकास म्हणून गेले.

म्हणून दोन वर्षांची तुलना असलेलं कुठलंही वाक्य लिहिण्याआधी दोन्ही अहवालांतली त्या आकड्याची टीप काढून शब्दाला शब्द लावून बघा. नव्या अहवालात जुना आकडा दिला असेल तर तोच घ्या, जुन्या कागदावरचा घेऊ नका. याला पाच मिनिटं लागतात.

तळटीप निदान त्याच पानावर असते. पुढच्या दोन गोष्टी अहवालाच्या सुरुवातीला आणि शेवटी असतात. सारांश करणारे बहुतेक जण तिथं फिरकत नाहीत.

पहिली म्हणजे मोजणीची तारीख. पाचव्या फेरीचं काम दोन टप्प्यांत झालं. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा जून 2019 ते जानेवारी 2020 असा चालला. फेब्रुवारी ते मे त्यात येत नाहीत. आपल्याकडं आष्टी-पाटोद्याला टँकरच्या फेऱ्यांच्या याद्यांवर याद्या निघतात त्या नेमक्या याच चार महिन्यांत. पाऊस लांबला की टँकर जूनच्या पुढंही चालतात, हे खरं. तरीही पाहणारा माणूस दारात आला तो बहुतेक पावसाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर. पुढच्या टप्प्यातल्या राज्यांत मोजणी वेगळ्या महिन्यांत झाली. पाण्यासारख्या ऋतूवर हलणाऱ्या गोष्टीत ही तारीख सारांशाच्या पहिल्या परिच्छेदात यायलाच हवी. लसीकरणाच्या आकड्याला ती इतकी लागत नाही. टीप महत्त्वाची की नाही हे टिपेवर ठरत नाही, ती कोणत्या वाक्याला लागते यावर ठरतं.

दुसरी म्हणजे प्रश्नावली. मोठ्या सर्वेक्षणाच्या अहवालाला ती शेवटी जोडलेली असते. पाण्याचा प्रश्न साधारण असा आहे: तुमच्या घरातल्या माणसांच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत कोणता? एकच उत्तर. आता एक वाडी डोळ्यांपुढं आणा. टँकर येतो आणि पाइप लावून गावच्या विहिरीत ओततो. पाऊण तासात विहिरीच्या काठावर दोऱ्या आणि हंड्यांची गर्दी होते आणि ओतलेलं पाणी गाळासकट वर येतं. त्या घरातल्या बाईला विचारलं तर ती 'टँकर' म्हणेल की 'विहीर'? दोन्ही खरं आहे. विहीर उघडी असेल तर 'विहीर' म्हटल्यावर ते घर सुधारित स्रोतातून बाहेर पडतं, 'टँकर' म्हटल्यावर आत येतं. पाणी तेच, हंडा तोच. आणि ज्या घरी नळ आहे पण दहा-बारा दिवसांनी सुटतो, ते घर 'नळ' म्हणूनच मोजलं जातं, कारण तळटिपेतल्या यादीत 'किती दिवसांनी' हे नाही. परिशिष्टातली प्रश्नावली वाचल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही. सगळी प्रश्नावली वाचू नका, शंभर पानांत जीव जाईल. तुम्ही सारांशात जे पाच-सात आकडे घेणार तेवढेच प्रश्न काढा.

टिपा नेहमी आकड्याची हवाच काढतात असं मात्र नाही. त्याच पानावर शौचालयाची ओळ आहे: सुधारित स्वच्छता सुविधा वापरणाऱ्या घरांतली लोकसंख्या 70.2 टक्के. घाईत कोणीही लिहील की उरलेले तीस टक्के उघड्यावर जातात. पण खालच्या टिपेत म्हटलंय की दुसऱ्या घराबरोबर वाटून घेतलेलं शौचालय यात धरलेलं नाही, आणि शेवटी स्वतंत्र वाक्य आहे की हा निर्देशक शौचालयाची सोय आहे की नाही हे दाखवत नाही. सोय असलेली घरं याच सर्वेक्षणात 83 टक्के आहेत. चाळीत दोन बिऱ्हाडं एक संडास वापरत असतील तर ती 70.2 च्या बाहेर आहेत, उघड्यावर नाहीत. तुमचा सारांश ग्रामपंचायतीत वाचला जाणार आहे, ताई. तिथं 'तीस टक्के उघड्यावर' हे वाक्य म्हणजे गावावर घेतलेला खोटा आळ ठरेल. पाण्याच्या टिपेवर तुम्हाला राग आला, तेवढ्याच काळजीनं ही टीपही उचला.

तुम्ही जिल्ह्याचं पत्रक वापरणार असाल तर आणखी एक खूण सांगतो. काही आकडे कंसात असतात, काही ठिकाणी आकड्याऐवजी नुसती चांदणी असते. कंस म्हणजे तो आकडा 25 ते 49 जणांवरून काढलाय. चांदणी म्हणजे 25 पेक्षाही कमी, म्हणून छापलेलाच नाही. हिशेब करून पाहा. देशभर 6,36,699 घरं आणि 707 जिल्हे, म्हणजे जिल्ह्याला साधारण 900 घरं. समजा, त्यांत पाच वर्षांखालची 300 मुलं सापडली. दोन आठवड्यांत जुलाब झालेल्या मुलांचं देशातलं प्रमाण 7.3 टक्के, म्हणजे 300 मध्ये 22. 'जुलाब झालेल्या मुलांपैकी किती जणांना ओआरएस मिळालं' हा आकडा या 22 जणांवर उभा राहणार. तीस मुलं असली तरी एका मुलाच्या उत्तरानं टक्केवारी सव्वातीनपेक्षा जास्त हलते. कंसातले दोन आकडे घेऊन 'आपला जिल्हा शेजारच्या जिल्ह्याच्या मागं पडला' असं लिहू नका. टाइप करताना कंस सगळ्यात आधी गळतो, आणि तो गळला की आकडा पक्का दिसायला लागतो.

पीडीएफमधून उचलताना उलटंही होतं. शब्दाच्या किंवा आकड्याच्या वर बसलेला टिपेचा बारीक अंक खाली उतरून शेजारी चिकटतो. 45 ला दोन नंबरची टीप असेल तर तुमच्या कागदावर 452 येतात. टक्केवारीत हे लगेच कळतं. माणसांच्या किंवा रुपयांच्या आकड्यात कळत नाही. तिथं प्रत्येक आकडा छापील पानाशी ताडून घ्या.

मी ही शिस्त एका फजितीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाणलोट प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश केला आणि लिहिलं की इतक्या गावांत कामं पूर्ण झाली. मुख्य मजकुरात 'पूर्ण' हाच शब्द होता. गावात वाचायला गेलो तर एका शेतकऱ्यानं मला हाताला धरून बांधावर नेलं आणि अर्धवट दगडी बांध दाखवला. तो काही बोलला नाही. परत येऊन परिशिष्ट उघडलं. तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं की मंजूर निधी पूर्ण खर्च झाला ते काम 'पूर्ण' समजलं आहे. तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी परिशिष्टं आणि व्याख्या चाळतो, मग तक्ते, आणि मुख्य मजकूर शेवटी. मजकूर आधी वाचला की शब्दांचा अर्थ आपण आपल्या मनातून भरतो, आणि एकदा भरलेला अर्थ टिपेनं सहज निघत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणती टीप उचलायची. शेकडो टिपा वाचत बसू नका. सारांशात जाणारी वाक्यं आधी कच्ची लिहून काढा. दोन पानांत अशी वीस-पंचवीस होतील. वहीत एकेक वाक्य लिहा, शेजारी त्याला लागणारी टीप लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात टीप पोटात घालून तेच वाक्य पुन्हा लिहा. मग पहिलं आणि तिसरं मोठ्यानं वाचा. ऐकणारा माणूस दोन्ही वाक्यांवर एकच गोष्ट करणार असेल, तर टीप सोडा. वेगळी गोष्ट करणार असेल, तर ती वाक्यातच गेली पाहिजे. '95.9 टक्के लोकांना शुद्ध पाणी मिळतं' हे ऐकून सरपंच फाइल मिटवतील. 'टँकर धरून 95.9 टक्के' हे ऐकून ते विचारतील की टँकर वगळला तर किती? रक्तक्षयाच्या आकड्याखाली टीप असते की हिमोग्लोबिनचं माप समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार जुळवून घेतलंय. बीडच्या वाचकाचं त्यावाचून काही अडत नाही. ती सोडा आणि मनाला लावून घेऊ नका.

या पद्धतीनं पंचवीस वाक्यांत चार-पाच टिपाच उरतात असा माझा अनुभव आहे. त्यामुळं सरांची अडचण तशी उरत नाही. त्यांचं म्हणणं अर्ध खरं आहे: शेवटी 'टिपा' म्हणून यादी लावली तर कोणी वाचणार नाही, आणि बैठकीत मोठ्यानं वाचताना तर ती हमखास वगळली जाते. म्हणूनच मी टीप वाक्याच्या सुरुवातीला घालायला सांगतो, शेवटी नाही. '95.9 टक्के, यात टँकरही धरला आहे' असं लिहिलं की पुढचा माणूस ते निम्म्यात तोडून वापरतो. 'टँकर आणि बाटलीबंद पाणी धरून 95.9 टक्के' असं लिहिलं की तोडणं अवघड जातं. आणि एखाद्या आकड्याची टीप तीन ओळींची असेल, वाक्यात मावतच नसेल, तर तो आकडा सारांशातून काढून टाका. दोन पानांत प्रत्येक आकड्याला जागा द्यायचं बंधन तुमच्यावर कोणी घातलेलं नाही.

वाटलेल्या प्रतींचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते करावं लागेल. नव्या प्रती गुपचूप बदलून ठेवू नका. जिथं चुकीचं वाचलं तिथंच जाऊन हे वाचा:

'मागच्या बैठकीत पाण्याबद्दल मी दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. नळ, कूपनलिका, संरक्षित विहीर यांच्याबरोबर टँकर आणि बाटलीबंद पाणीही धरून देशातल्या 95.9 टक्के लोकांकडं पिण्याच्या पाण्याचा सुधारित स्रोत आहे. पाणी शुद्ध आहे का आणि किती दिवसांनी येतं, हे या आकड्यावरून कळत नाही. त्याच मोजपट्टीनं आधीच्या फेरीत हे प्रमाण 94.4 होतं, म्हणजे वाढ दीड टक्क्याची आहे. महाराष्ट्रातली मोजणी जून 2019 ते जानेवारी 2020 या टप्प्यात झाली, उन्हाळ्याचे महिने त्यात नाहीत.'

हे वाचायला मिनिटभर लागतं. जाताना ग्रामपंचायतीतून किंवा पंचायत समितीतून गावच्या टँकर फेऱ्यांच्या नोंदी मागून घ्या: कोणत्या तारखेला किती फेऱ्या मंजूर आणि किती प्रत्यक्षात आल्या. 'आम्ही कुठं हाव' याचं उत्तर देशाच्या अहवालात मिळणार नाही, त्या नोंदींत मिळेल. आणि त्या नोंदी हातात आल्या की आधी त्यांच्याही तळाची ओळ वाचा. 'फेरी' म्हणजे किती लिटरचा टँकर, हे तिथं लिहिलेलं असतं का ते बघा. नसेल तर आजींनाच विचारा, टँकर केवढा येतो ते त्यांना पक्कं ठाऊक असेल.